खांबाच्या खड्ड्याचे चौदा लिटर

सिव्हिलचा डिप्लोमा झाल्यावर मला पहिली नोकरी लागली ती रहाटणीतल्या एका ठेकेदाराकडे. आमचं घरही तिथेच होतं, कारण वडील लातूरहून येऊन भोसरीच्या एका प्रेसशॉपमध्ये लागले होते आणि स्वस्तात मिळाली म्हणून रहाटणीत खोली घेतली होती. ठेकेदाराला सगळे शेठ म्हणत. त्यांची कामं छोटी असायची. कुठे कंपनीची कंपाउंड वॉल, कुठे गोडाऊन, कुठे एखाद्याचा बंगला. मी लागले त्या वर्षी त्यांना चाकणच्या पुढे एका गावात तालमीचा हॉल बांधायचं काम मिळालं आणि ती साइट माझ्यावर सोडली गेली. मी एकवीस वर्षांची होते. डोक्यावर पिवळं हेल्मेट आणि पर्समध्ये पाच मीटरचा टेप, एवढंच माझं भांडवल.

गावाची जुनी तालीम पत्र्याची होती. तिथे वस्ताद मल्लखांब शिकवायचे. मुलींनी दोरीवर आणि मुलांनी खांबावर, असा पूर्वीचा रिवाज. वस्तादांनी तो मोडून मुलींनाही खांबावर चढवलं होतं. गावात कुरबूर झाली, पण पोरी जिल्ह्याला जाऊन बक्षिसं घेऊन आल्या तेव्हा थांबली. मग एका सकाळी अकरा वर्षांची एक मुलगी खांबाच्या टोकावर असताना खांब मुळाशी कडाडला आणि कलला. मुलीनं उडी घेतली म्हणून वाचली, पण कोपर मोडलं. लोकांनी खांब उपटून पाहिला, तर जमिनीखालचा भाग पोकळ होता. वरून गुळगुळीत, एरंडेल लावून चकचकीत, आणि आतून वाळवीनं भुगा केलेला. दरवाजाच्या चौकटी, बक्षिसांचं कपाट, भिंतीवरचे फोटो, सगळ्यात वाळवी निघाली. गावानं ठरवलं की पत्रा पाडायचा आणि नवीन पक्का हॉल बांधायचा.

वस्तादांनी मात्र त्याच सभेत सांगितलं होतं, "हॉल बांधा. पण खांब न्हाई. आता जोर-बैठका आन् योगासनं. खांब आमी न्हाई रोवनार." म्हणून नकाशात नुसता एक मोकळा हॉल होता, दहा मीटर लांब आणि सहा मीटर रुंद. खांबाची जागा कुठेच नव्हती. मला तेव्हा ते खटकलंही नाही. नकाशात नाही म्हणजे नाही.

पायाचे चर खोदून झाले, तशी शेठनी फोनवर विचारलं, "मॅडम, वाळवीचं औषध किती लागेल? पेस्ट कंट्रोलवाल्याला सांगायचंय."

कॉलेजात एक ओळ वाचल्याचं आठवत होतं, चौरस मीटरला पाच लिटर. मी दहाला सहानं गुणलं, साठला पाचानं गुणलं आणि सांगितलं, "तीनशे लिटर." उत्तर इतकं पटकन आलं म्हणून मला स्वतःचं कौतुकच वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक टेम्पो आला. त्यातून साठीच्या आसपासचे एक गृहस्थ उतरले. अंगाने किडकिडीत, खाकी शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत बटण लावून बंद. मूळचे रत्नागिरीकडचे, चिंचवडमध्ये तीस वर्षं राहिलेले. मी त्यांना काका म्हणाले आणि शेवटपर्यंत तेच राहिलं. त्यांनी आल्याबरोबर औषधाला हात लावला नाही. आधी विचारलं, "विहीर, बोअर कुठं आहे?" मी दाखवलं, रस्त्यापलीकडे, चढावर. ते तिथपर्यंत चालत जाऊन बघून आले. मग चराच्या काठावर उभे राहिले आणि म्हणाले, "तीनशे लिटर कोणी काढलं?"

"मी."

"कसं काढलंस, बाय?"

मी सांगितलं. ते हसले नाहीत. ते हसले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी विचारलं, "वाळवी नकाशावरनं येते की मातीतनं?"



"खाली उतर. टेप घे."

मी चरात उतरले. चर सव्वा मीटरच्या आसपास खोल, तांबूस माती आणि खाली मुरूम. काका वर उकिडवे बसले आणि मला एकेक माप घ्यायला लावलं. भिंतीच्या मध्यावरून मोजली की चराची एकूण लांबी बत्तीस मीटर. तळाची रुंदी नव्वद सेंटिमीटर. म्हणजे तळ झाला जवळजवळ एकोणतीस चौरस मीटर. "आता बाजू," काका म्हणाले. "तळापासनं एक फूटभर वर, दोन्ही बाजूंनी. तिथं फवारा बसणार." दोन्ही बाजू मिळून एकोणीस चौरस मीटरच्या वर. तळ आणि बाजू मिळून बरोबर अठ्ठेचाळीस भरले. अठ्ठेचाळीस पंचे दोनशे चाळीस.

"दोनशे चाळीस लिटर," मी खालून म्हणाले, "नुसत्या चराला?"

"आजच्याला. मग भिंत वर येणार. भिंतीच्या दोन्ही अंगांना माती भरणार. ती भरतानासुद्धा औषध. आणि तिथं पाच नाही, साडेसात. भिंतीच्या उभ्या चौरस मीटरला साडेसात, आतनं वेगळं, बाहेरनं वेगळं. मग जोतं भरलं की भिंतीच्या कडेनं. मग जोत्याचा वरचा पृष्ठभाग. मोज आता."

मी चरातच बसून वहीत मांडलं. जमिनीखाली भिंत एक मीटर. आतली आणि बाहेरची बाजू मिळून चौसष्ट चौरस मीटर, साडेसातनं चारशे ऐंशी लिटर. जमिनीच्या वर जोतं अर्धा मीटर, आतली कड तीस मीटरच्या थोडी वर, तिथे एकशे चौदा. जोत्याचा पृष्ठभाग भिंती वगळून चोपन्न चौरस मीटरला किंचित कमी, तिथे दोनशे एकोणसत्तर. सगळी बेरीज अकराशे तीन लिटर. माझ्या तीनशेच्या साडेतीन पटींहून जास्त. 

काका म्हणाले, "तुझं साठ चौरस मीटर खोटं नाही. पण तो फक्त वरचा तुकडा, तोही भिंतीसकट धरलेला. घराला खाली, बाजूला, सगळीकडनं माती लागते. जिथं जिथं माती घराला हात लावते तिथं तिथं मोजायचं."

मी शेठना फोन लावला. त्यांचा आवाज चढला. "अहो मॅडम, उद्या गवंडी येणार आहेत! तेवढं तीनशे आहे ना, तेच पुरवून पुरवून मारा सगळीकडे. नाहीतर पाणी वाढवा जरा. कोण बघतंय?"

फोन स्पीकरवर नव्हता, पण शेठचा आवाज तसाही चराच्या काठापर्यंत पोचत असे. काकांनी माझ्याकडे हात पुढे केला, मी फोन दिला. ते शांतपणे म्हणाले, "शेठ, एक लिटर औषधाला एकोणीस लिटर पाणी. विसावं पाणी घातलंत तर ते औषध नाही, माती ओली करणं झालं. आज मी पंधरा लिटर औषध आणलंय. त्यातलं बारा लिटर आज लागेल. चर पुरा करतो, तुमचे गवंडी उद्या येऊ द्यात. पुढच्याला औषध मागवा." आणि फोन मला परत दिला.

 पलीकडून शेठ म्हणाले, "मॅडम, पुढच्या वेळी नीट काढा." तेवढंच. मला वाटलं होतं नोकरी जाते.

त्या दिवशी काकांनी कसं काम केलं ते मला अजून दिसतं. गॉगल, तोंडावर मास्क, कोपरापर्यंत रबरी हातमोजे. दोनशे लिटरच्या निळ्या ड्रममध्ये आधी पाणी, मग मापानं औषध, मग बांबूनं ढवळणं. पाणी दुधासारखं पांढरं झालं. वास उग्र, रॉकेलसारखा, घशात बसणारा. मला त्यांनी वाऱ्याच्या उलट बाजूला उभं केलं आणि चुन्यानं चराचे आठ भाग पाडायला सांगितले, प्रत्येकी चार मीटरचे.

"एका भागात तळ आणि बाजू मिळून किती?"

"सहा चौरस मीटर."

"मग लिटर?"

"तीस."

"माझ्या पंपात पंधरा लिटर भरतो मी. म्हणजे एका भागाला दोन पंप. तू नुसतं मोज. मी गडबडीत एकाच पंपात भाग उरकला तर आरडाओरडा कर."

त्यांनी गडबड केली नाही. सोळा पंप झाले, मी सोळा रेघा मारल्या. संपल्यावर त्यांनी साबणानं हात कोपरापर्यंत धुतले, तोंड धुतलं, शर्ट बदलला, आणि मगच डबा उघडला. डब्यात तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी होती. त्यांनी मला अर्धी दिली. भाकरी खाताना ते म्हणाले, "मी लागलो तेव्हा मला कोणी मोजायला शिकवलं नाही. नुसतं मार म्हणायचे. काही घरं माझ्या हातनं तशीच गेली असतील. आता आठवतात."

भिंत वर आली, जोत्यापर्यंत पोचली. माती भरायची ती काका आल्यावर, थराथरानं, असं ठरलं होतं. एका मीटर लांबीला एका बाजूनं साडेसात लिटर, तीन थरांत अडीच-अडीच, आणि झारीची तोटी भिंतीकडे. मातीचा जो भाग भिंतीला चिकटतो तो भिजला पाहिजे. सोमवारी काका येणार होते. मी सोमवारी सकाळी साइटवर पोचले तर उत्तरेची बाहेरची बाजू रविवारीच भरून, पाणी मारून, कुटून सपाट केलेली. शेठचा मुकादम म्हणाला, "जेसीबी रिकामा होता मॅडम, शेठ बोलले भरून टाका."

काका आले, बघितलं, खाली बसून मातीवर हात ठेवला. "किती लांब?"

"दहा पॉइंट चार. एक मीटर खोल. अठ्ठ्याहत्तर लिटर राहिलं."

"आता दोन रस्ते. एक, भिंतीच्या कडेनं विती-विती अंतरावर सळईनं भोकं पाडायची आणि वरनं औषध सोडायचं. पण हे पाणी मारून घट्ट कुटलंय, तळापर्यंत मुरेल याची खात्री मी देत नाही. दुसरं, उघडायचं." आणि मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "साइट तुझी आहे."

मी शेठना फोन करायला मोबाइल काढला आणि परत ठेवला. फोन केला असता तर ते नाही म्हणाले असते, आणि नाही म्हटल्यावर मला ते ऐकावं लागलं असतं. मी मुकादमाला म्हणाले, "उघडा."

"जेसीबी गेला, मॅडम. आन् मानसं दुसऱ्या साइटला."

म्हणजे कोणी नव्हतं. एकटे वस्ताद होते. ते रोज तासभर येऊन जांभळाच्या झाडाखाली बसायचे आणि काही न बोलता जायचे. मी त्यांच्याशी तोवर दोन वाक्यंही बोलले नव्हते. त्यांनी सगळं ऐकलं असावं. ते उठून आले आणि विचारलं, "किती खनायचंय?"

"भिंतीला लागून हातभर रुंद, छातीभर खोल. या टोकापासून त्या टोकापर्यंत."

"कुस्तीचा हौद खनायची सवय हाय आमाला," ते म्हणाले आणि गावात निघून गेले. अर्ध्या तासात फावडं-कुदळ घेऊन परत आले. बरोबर तालमीतले दोन जुने गडी. साडेतीनला कंपन्यांची पहिली शिफ्ट सुटली, तसे आणखी पाच-सहा जण आले, कुणी युनिफॉर्मवरच, गळ्यात ओळखपत्र. सगळे मल्लखांबाच्या मुलामुलींचे बाप. त्यांतला एक बीडकडचा होता. कुदळ मारता मारता तो माझ्याशी बोलू लागला, आणि कळलं की कोपर मोडलेली मुलगी त्याचीच.

"हात बरा आहे का तिचा?" मी विचारलं.

"हात बरा झालाय ओ. पोरगी बरी न्हाई. दिवसभर दाराच्या चौकटीला लोंबकळत असती. माय ओरडती, चौकट पडल. म्हणती, मग मला खांब द्या."

वस्ताद शेजारीच खणत होते. त्यांचं फावडं थांबलं, मग पुन्हा चालू झालं.

पाच वाजेपर्यंत भिंतीची बाजू तळापर्यंत मोकळी झाली. काकांनी सगळ्यांना बाहेर काढलं, लांब उभं केलं, आणि मग थर, औषध, थर, औषध, थर, औषध. अठ्ठ्याहत्तर लिटर. सूर्य कलायच्या आत झालं. संध्याकाळी शेठ आले, ओली माती बघितली, माणसं बघितली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "चहा तरी पाजलात का यांना?" नव्हता पाजला. त्यांनीच पाठवला.

जोतं भरून, कुटून, पाणी सुकल्यावर शेवटची फवारणी. त्या आठवड्यात आभाळ येत होतं म्हणून काकांनी दोनदा तारीख पुढे ढकलली. पाऊस आला तर औषध वाहून जाईल, आणि माती आधीच चिंब असेल तर औषध पिणारच नाही, असं त्यांचं म्हणणं. शेवटी एक स्वच्छ सकाळ मिळाली. आम्ही भिंतीच्या कडेनं बोटभर खोल पन्हळ खणली, तिच्यात विती-विती अंतरावर सळईनं भोकं पाडली, सळई मागेपुढे हलवून माती सैल केली. ते काम मीही केलं. माझ्या तळहाताला फोड आले आणि मला त्याचा अभिमान वाटला.

पन्हळीत औषध सोडून झालं. आता वरचा सगळा पृष्ठभाग. काकांनी पंप पाठीवर घेतला, हॉलच्या मध्यापर्यंत गेले, आणि उभे राहिले. सगळीकडे बघितलं. मग वळून विचारलं, "बाय, ही तालीम ना?"

"हो."

"मग खांब कुठं?"

"खांब नाहीये, काका. वस्ताद नको म्हणालेत."

"नक्की?" त्यांनी पंप खाली ठेवला. "नक्की असेल तर ठीक. पण आज मी इथं मारलं आणि उद्या तुम्ही काँक्रीट टाकलंत, आणि दोन वर्षांनी कोणाला हौस आली, की काँक्रीट फोडणार, खड्डा घेणार, आणि खांब रोवणार. तिथं माझ्या औषधाचा पडदा फाटला. बाकी अकराशे लिटर असून नसल्यासारखं. वाळवीला हातभर रुंद दार पुरतं, आणि ते दार थेट लाकडातच उघडणार. मागच्या वेळी झालं तसंच."

मी वस्तादांकडे बघितलं. ते त्यांच्या झाडाखाली होते. मी त्यांच्यापाशी गेले आणि काका जे म्हणाले ते जसंच्या तसं सांगितलं. शेवटी म्हणाले, "वस्ताद, आज विचारते, कारण आज नाही तर मग कधीच नाही रोवायचा."

 ते जे बोलले ते माझ्याकडे न बघता.

"पोरी, मला दिसली व्हती ती."

"काय?"

"मातीची रेघ. खांबाच्या बुडाला, बोटाएवढी. पावसाळ्याआधी. मला वाटलं पोरांच्या पायाची माती आसंल. हातानं पुसली आन् वरनं एरंडेल लावलं. दोनदा पुसली. वाळवी पांघरून घेऊन चढती त्यो रस्ता व्हता त्यो, आन् मी पुसून टाकला. पोरीला चढ म्हनलं ते मीच."

  काका केव्हा तरी मागे येऊन उभे राहिले होते. ते वस्तादांच्या शेजारी मुळावर बसले. दोघे साधारण एकाच वयाचे.

"मी तीस वर्षं हेच बघतोय," काका म्हणाले. "रेघ दिसल्यावर दहातले नऊ जण पुसतात. शिकलेले पुसतात. आमच्या घरात माझ्या बायकोनं पुसली होती, आणि तिचा नवरा पेस्टवाला."

वस्ताद पहिल्यांदा हसले. थोडंसंच. मग विचारलं, "आवषधाचा पोरांना तरास न्हाई ना व्हनार? उघड्या अंगानं असत्यात."

"औषध काँक्रीटच्या खाली. वर हात लावायला काही राहत नाही. आणि खांबाला मी काही मारत नाही, मातीला मारतो. खांबाचं बूड डांबर लावून काँक्रीटमध्ये बसवा."

वस्ताद उठले. जोत्यावर चढले, चपला काढल्या. आधी मधोमध उभे राहिले, मग दरवाजाकडून तीन पावलं मागे सरले, वर बघितलं, जिथे अजून छत नव्हतं तिथे, हात पसरून एक गिरकी घेतली, जणू अंगावर पोर आहे आणि त्याचे पाय भिंतीला लागतात का बघतायत. मग टाचेनं मातीत खूण केली. "हितं."

खड्डा त्यांनीच खणला. साठ सेंटिमीटर लांब, तेवढाच रुंद, एक मीटर खोल. मी टेप लावला आणि कोणी विचारायच्या आत हिशेब केला. चार बाजू दोन पॉइंट चार, तळ शून्य पॉइंट छत्तीस. "काका, इथे बाजू एक फूटच धरायच्या का?"

"का विचारतेस?"

"चरात पुढे माती भरताना औषध मिळालं. इथे माती परत येणारच नाही, थेट काँक्रीट भरणार. मग वरपर्यंत बाजू आत्ताच भिजवायला हव्यात."

काकांनी गॉगल कपाळावर सरकवला. "मग किती?"

"दोन पॉइंट शहात्तर चौरस मीटर. चौदा लिटरला जरा कमी."

"चौदा धर," ते म्हणाले. माझ्या आयुष्यात नंतर मला प्रमोशनं मिळाली, एकदा कंपनीनं स्टेजवर बोलावून शालही दिली. पण त्या 'चौदा धर'चा आनंद मला दुसऱ्या कशातही मिळालेला नाही.

दुसऱ्या दिवशी खांब बसला आणि काँक्रीट पडलं. त्याच्यावर पुढे हॉल उभा राहिला. उद्‌घाटनाला भाषणं झाली, ती मला आठवत नाहीत. आठवतं ते त्यानंतरचं. पाहुणे जेवायला गेले, हॉल रिकामा झाला. वस्तादांनी खांबाला एरंडेल चोळलं, खाली वाकून बुडाभोवती बोट फिरवलं, चारी बाजूंनी, सावकाश. मग त्या मुलीला हाक मारली. तिचा बाप भिंतीला टेकून उभा होता, त्यानं डोळे मिटून घेतले. मुलगी दोनदा घसरली. कोपर पूर्ण सरळ होत नव्हतं. तिसऱ्यांदा टोकावर पोचली आणि तिथे बसून राहिली, खाली यायलाच तयार नाही. वस्ताद "ये खाली, ये खाली" म्हणत होते आणि शर्टाच्या बाहीनं तोंड पुसत होते. काका माझ्याशेजारी होते. त्यांनी नवीन शर्ट घातला होता, तोही बाह्या बटण लावून बंद.

पुढची सहा वर्षं माझ्या बहुतेक साइटवर काकाच आले. मग गुडघे दुखायला लागले तसे ते गावी परतले. दिवाळीला फोन व्हायचा. प्रत्येक वेळी पहिला प्रश्न एकच, "आता किती मजल्याचं?" मी वाकडला बावीस मजल्यांचं सांगितलं तेव्हा म्हणाले, "मजले कितीही होऊ देत, माती खालीच आहे." तीन वर्षांपूर्वी दिवाळीला त्यांच्या मुलानं फोन उचलला.

आता औषधंही बदलली. लिटरला दोन मिलिलिटरच्या आसपास घालायचं असतं, वास जवळजवळ नसतोच, आणि एजन्सीचे तरुण मशीन लावून तासाभरात पोडियमखालचा भाग उरकतात. मी त्यांना क्षेत्रफळ कसं काढलं ते विचारते. काही जण फोन काढून दाखवतात, काही जण माझ्याकडे असे बघतात जसं मी तेव्हा काकांकडे बघितलं असेल. मग मी त्यांना खाली उतरवते. मला तो रॉकेलसारखा उग्र वास आला तर बरं वाटेल, असं कधी कधी मनात येतं. तो काही चांगला वास नव्हता. पण माझी उमेदवारी त्या वासात गेली.

गेल्या हिवाळ्यात राजगुरुनगरला एका कामाला पहाटेच निघाले होते, वाटेत गाडी आत घातली. गावात शेतं उरली नाहीत, सगळे गाळे आणि पार्किंग झालंय. हॉल आहे. सकाळचे सात वाजले होते, आत दहा-बारा मुली. त्यांना शिकवणारी ठेंगणी, काटक, डावा हात किंचित वाकडा. तिनं मला ओळखलं नाही आणि मीही सांगितलं नाही. ती एका कंपनीत क्वालिटीला आहे, दुसऱ्या शिफ्टला जाते, सकाळी इथे येते, असं बाहेर बाकावर बसलेल्या वस्तादांनी सांगितलं. ते खूप थकले आहेत, नजरही अधू झालीय.

"तुमी त्या टेपवाल्या बाई ना?" त्यांनी आवाजावरून विचारलं.

"व्हय," मी म्हणाले, आणि माझ्याच तोंडून 'व्हय' आलेलं ऐकून आम्ही दोघं हसलो.

आत कुणीतरी मोजत होतं, एक, दोन, तीन, चार, आणि एका मुलीचे पाय खांबाच्या टोकावर आभाळाकडे सरळ ताठ होते. मी त्यांच्या शेजारी बसले. ते मला सांगत राहिले, कोणती मुलगी कोणाची, कोण राज्याला गेली, कोण भित्री आहे पण होईल. त्यांना तिथून दिसत काहीच नव्हतं. खांबावर घासणाऱ्या अंगाच्या आवाजावरून ते बरोबर नावं घेत होते.